शर्ट पिवळाच आहे, मग दर शॉटला वेगळा का दिसतो?

रात्री साडेदहाला निर्मात्यांचा फोन आला. "अहो, शर्ट केशरी दिसतोय. आपलं पिवळा ठरलं होतं ना?" फोन ठेवतोय तोवर त्यांच्या लॅपटॉपच्या स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटोही येऊन पडला. छोटी ॲनिमेशन फिल्म होती, सगळे शॉट रेंडर होऊन आले होते आणि माझ्याकडे काम होतं ते फक्त रंग जुळवण्याचं. मी फोटो पाहिला, माझ्या स्क्रीनवरचा शर्ट पाहिला आणि तेव्हा नवखा असल्यामुळे जे करू नये नेमकं तेच केलं. शर्टातला लाल कमी केला, निळा जरा वाढवला आणि नवी फाइल पाठवून दिली. "आता कसं झकास," असं उत्तर आलं. दुसऱ्या दिवशी दिग्दर्शिकेने तीच फाइल स्वतःच्या फोनवर पाहिली. तिला तो शर्ट कच्च्या लिंबासारखा हिरवट दिसला.

त्या रात्री मी दोन वेगळ्या भानगडी एकत्र केल्या होत्या. एक भानगड फिल्मच्या आतली असते: एकाच सीनमधले दोन शॉट एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरी फिल्मच्या बाहेरची: तोच शॉट दोन स्क्रीनवर दोन तऱ्हेने दिसतो. पहिली आपण जवळजवळ पूर्ण सोडवू शकतो. दुसरी सोडवता येत नाही, तिचा त्रास कमी करता येतो एवढंच. म्हणून पहिली आधी निपटायची, तीही एकाच भरवशाच्या स्क्रीनवर, आणि ते होईपर्यंत बाकी कुठल्याही स्क्रीनकडे बघायचंसुद्धा नाही.

कॅमेऱ्याने शूट केलेल्या फिल्ममध्ये थोडी चूक खपून जाते. कापडाला सुरकुत्या असतात, प्रकाश हलत असतो, चित्रात बारीक दाणे असतात, त्यामुळे शर्टाचा नेमका रंग कोणता हे डोळ्याला धड सांगताच येत नाही. ॲनिमेशनमध्ये, विशेषतः टूडीमध्ये, शर्ट म्हणजे एकाच रंगाचा सपाट तुकडा. बघणाऱ्याने तो रंग पहिल्या मिनिटाला मनात नोंदवलेला असतो. कट झाला आणि तो तुकडा जरासा सरकला की काय बिनसलं हे त्याला सांगता येणार नाही, पण काहीतरी खटकलं हे नक्की कळतं.

त्याच सपाटपणाचा आपल्याला फायदाही होतो, कारण इथे रंग चक्क मोजता येतो. स्क्रीनवरचा प्रत्येक ठिपका म्हणजे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे, प्रत्येक ० ते २५५ मधला. तिन्ही शून्य म्हणजे काळा, तिन्ही २५५ म्हणजे पांढरा. रंगाच्या सॉफ्टवेअरमध्ये पिपेट असतं, ते शर्टावर ठेवलं की तीन आकडे समोर येतात. कॅमेऱ्याच्या चित्रात ते पिपेट केसभर हललं तरी आकडे बदलतात. सपाट रंगात बदलत नाहीत.

आता एक प्रत्यक्ष प्रकरण घेऊ. संध्याकाळचं अंगण, पिवळ्या शर्टातला मुलगा, लागोपाठ तीन शॉट: १२, १३ आणि १४. बारा आणि तेरा बऱ्यापैकी जुळतात. चौदावा आला की मुलगा आजारी पडल्यासारखा फिका दिसतो.

सुरुवात होते मापाचा शॉट ठरवण्यापासून. धंद्यात त्याला हिरो शॉट म्हणतात. सगळ्यात देखणा शॉट निवडायचा मोह होतो, पण देखण्या शॉटमध्ये बहुतेक वेळा काहीतरी खास प्रकाशयोजना असते आणि मग सगळा सीन त्या एका शॉटच्या मागे फरपटत जातो. मी असा शॉट घेतो ज्यात पात्र मोठं दिसतं, प्रकाश साधा आहे आणि सीनमधले महत्त्वाचे रंग बऱ्यापैकी हजर आहेत. इथे बारावा. दिग्दर्शिकेकडून "हाच" असा होकार घेतला की त्या शॉटला पुन्हा हात लावायचा नाही.

मग दोन्ही शॉटमध्ये एकाच तीन जागा मोजायच्या: एक गडद, एक उजळ आणि एक रंगीत. मी पात्राभोवतीची काळी रेघ, डोळ्याचा पांढरा भाग आणि शर्ट घेतला. बाराव्या शॉटमध्ये रेघ होती २८, २४, ३०. डोळा २३६, २३०, २२०. शर्ट २१४, १६८, ६२. चौदाव्यात रेघ ४९, ५२, ६४ झाली होती, डोळा २२१, २२३, २२२ आणि शर्ट २०३, १७२, ९१.

नवखा माणूस फक्त शर्टाकडे बघतो. निळा ६२ चा ९१ झालाय, मग निळा कमी करा, लाल वाढवा, झालं. हिशोब करून बघा. शर्ट जुळवायला लालला सुमारे १.०५ ने गुणावं लागेल, हिरव्याला ०.९८ ने आणि निळ्याला ०.६८ ने. शर्ट बरोबर येईल. पण तेच गुणाकार डोळ्याच्या पांढऱ्याला लागले की तो २३३, २१८, १५१ होतो. म्हणजे शर्ट बरा झाला आणि मुलाला कावीळ झाली. शिवाय काळी रेघ ५० च्या आसपासच राहते, त्यामुळे सगळं चित्र धुरकट दिसतं ते दिसतंच.

म्हणून आधी निदान करायचं. रेघेपासून डोळ्यापर्यंतचं अंतर दोन्ही शॉटमध्ये काढा. लालमध्ये बाराव्यात ते २०८ आहे आणि चौदाव्यात १७२. हिरव्यात २०६ आणि १७१. निळ्यात १९० आणि १५८. तिन्हीकडे भागाकार करून पाहिला तर उत्तर जवळपास एकच येतं, १.२. तिन्ही रंग सारख्याच प्रमाणात आक्रसलेत आणि तळ मात्र वेगवेगळा उचलला गेलाय, निळ्याचा सगळ्यात जास्त. ही खूण ओळखीची आहे. चित्रावर एका सपाट रंगाचा पातळ पडदा पडला की असंच होतं. उलटा हिशोब केला तर तो पडदा फिक्या आकाशी रंगाचा आणि साधारण १७ टक्के दाट निघाला. संध्याकाळचं धुकं! बाराव्या शॉटमध्ये धुक्याचा थर पात्राच्या मागे होता. चौदाव्यात कॉम्प करताना, म्हणजे थर एकावर एक रचताना, तो चुकून पात्राच्या पुढे आला होता.

तळ जागेवर असता आणि तीन रंगांचे गुणाकार वेगवेगळे निघाले असते, तर निदान दुसरं झालं असतं. कुणीतरी वर मल्टिप्लाय, म्हणजे आकड्यांचा गुणाकार करणाऱ्या, पद्धतीने रंगाचा थर टाकलाय किंवा दिव्याचा रंग बदललाय, असं. तेव्हा नुसता गेन, म्हणजे गुणाकाराची खुंटी, फिरवून काम होतं. दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत, आणि शर्टाकडे बघून ती ओळखू येत नाहीत, काळ्या रेघेकडे बघून येतात. आकडे न मोजताही ही गोष्ट दिसते. आरजीबी परेड नावाचा स्कोप लावला की तिन्ही रंगांचे आलेख शेजारी शेजारी उभे राहतात. बाराव्या शॉटमध्ये पात्राच्या जागी तिन्ही आलेख जवळपास जमिनीला टेकतात. चौदाव्यात तिन्ही जमीन सोडून तरंगतात, आणि निळा सगळ्यात उंच.

दुरुस्ती आता सरळ आहे. आधी प्रत्येक रंगातून पडद्याचा वाटा वजा करायचा, मग उरलेलं ताणून मूळ लांबीवर आणायचं. लालमधून २५, हिरव्यातून ३२, निळ्यातून ३९ वजा. मग तिन्हींना १.२ ने गुणायचं. शर्ट होतो २१४, १६८, ६२. डोळा २३५, २२९, २२०. रेघ २९, २४, ३०. एका आकड्याचा फरक कुणाच्या बापाला दिसत नाही. दाविंची रिझॉल्व्ह या रंगांच्या सॉफ्टवेअरमध्ये मी वजाबाकी ऑफसेटने आणि गुणाकार गेनने करतो, तेही एकामागून एक लागणाऱ्या दोन वेगळ्या नोडमध्ये, म्हणजे आधी काय आणि मग काय याचा घोळ होत नाही.

इथे दोन अडचणी येतात.

पहिली, ही दुरुस्ती पूर्ण फ्रेमला लावली तर मागच्या झाडांवरचं धुकंही निघून जाईल, आणि ते तर हवं होतं. दुरुस्ती फक्त पात्राला लागली पाहिजे. कॉम्पवाल्याकडून पात्राचा मॅट मिळाला तर सोन्याहून पिवळं. मॅट म्हणजे पात्र असेल तिथे पांढरी आणि इतरत्र काळी अशी वेगळी प्रतिमा. तो नसेल तर क्वालिफायरने रंग निवडून काम भागवावं लागतं. सपाट रंग असल्यामुळे निवड अगदी नेमकी होते, पण हा नेमकेपणाच अंगाशी येतो. शर्ट आणि रेघ जिथे भेटतात तिथे एक-दोन ठिपके दोन्ही रंगांचं मिश्रण असतात. निवड कडक ठेवली की ते ठिपके सुटतात, आणि दुरुस्त केलेल्या शर्टाभोवती जुन्या फिक्या रंगाची बारीक किनार उरते. थांबलेल्या फ्रेममध्ये ती दिसत नाही, पात्र चालायला लागलं की चमचमते. उपाय म्हणजे निवडीची कड थोडी मऊ करायची, एखादा ठिपका बाहेर ढकलायची आणि मग दोनशे टक्के मोठं करून, शॉट चालवून पाहायचं. त्याच पिवळ्याचा कंदील मागे टांगलेला असेल तर तोही निवडीत येतो, म्हणून पात्राभोवती एक मोघम मास्क घालावाच लागतो.

दुसरी अडचण दिसते उशिरा. १.२ ने ताणणं म्हणजे जिथे पाच पायऱ्या होत्या तिथे सहा पायऱ्यांची जागा करणं. नवीन पायरी कुठून येणार? आठ बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ च पायऱ्या असतात, त्यामुळे मधे फटी पडतात. सपाट शर्टावर काही कळत नाही. पण गालावरची हळूहळू गडद होत जाणारी सावली किंवा आकाशाची रंगछटा असेल तर तिथे पट्टे उमटतात. म्हणून शॉट मागवतानाच सोळा बिटांचे मागवावेत. आठ बिटांचेच हातात आले असतील तर दुरुस्तीनंतर अगदी बारीक ग्रेन, म्हणजे दाणे, टाकावेत, पट्ट्यांच्या कडा विरघळतात.

वरचा सगळा हिशोब अशा टूडी कामाला लागू पडतो जिथे थर स्क्रीनवर दिसणाऱ्या आकड्यांवरच मिसळले जातात. थ्रीडीतून आलेल्या ईएक्सआर फाइलमध्ये थर बहुधा लिनियर प्रकाशात, म्हणजे खऱ्या उजेडाच्या प्रमाणात असलेल्या आकड्यांवर, मिसळलेले असतात. तिथे हीच वजाबाकी लिनियरमध्येच करावी लागते, नाहीतर शर्ट जुळतो आणि सावल्या जुळत नाहीत. नेमकी तीच तक्रार दिसली तर आपण कुठल्या जागेत हिशोब करतोय ते आधी तपासावं.

आकडे जुळले, आता डोळ्याची पाळी. तेराव्या शॉटमध्ये मुलगा गर्द निळ्या भिंतीसमोर उभा होता. शर्टाचे आकडे बाराव्याइतकेच, तरी तो जास्त भडक वाटत होता. चूक कुणाचीच नव्हती. शेजारी विरुद्ध रंग असला की डोळा फरक वाढवूनच बघतो. तिथे मी शर्टाचा गडदपणा नाही, फक्त रंगाचा जोर किंचित उतरवला. आकडा मोडायचा हा अधिकार डोळ्याला आहे, पण आकड्यापर्यंत पोहोचल्यानंतरच. पहिल्यापासून डोळ्यावर विसंबलं तर वीस मिनिटांत डोळा चुकीलाच सरावतो आणि मग चूकच बरोबर दिसायला लागते. शेवटचा निकाल मी कधीच स्थिर फ्रेम शेजारी ठेवून लावत नाही. कटच्या आधीचा एक सेकंद आणि नंतरचा एक सेकंद एवढाच तुकडा पुन्हापुन्हा फिरवत ठेवतो. नजर मुलाच्या चेहऱ्यावर टिकून राहिली तर जुळलं. कटला नजर उडी मारून शर्टावर गेली तर नाही जुळलं.

सीन बदलला की नियम बदलतो. दुपारचा शर्ट आणि संध्याकाळचा शर्ट आकड्यांनी सारखे करायला गेलात तर संध्याकाळच मरून जाईल. तिथे रंगांमधलं नातं सांभाळायचं: दुपारी शर्ट त्वचेपेक्षा उजळ असेल तर संध्याकाळीही त्वचेपेक्षा उजळच राहावा, केस दोन्हीकडे सगळ्यात गडद. हे तपासायला माझी आवडती युक्ती अगदी बाळबोध आहे. प्रत्येक शॉटची एक फ्रेम घ्यायची, सगळ्या तिकिटाएवढ्या लहान करून एका पानावर ओळीने लावायच्या आणि डोळे किलकिले करून चार पावलं लांबून बघायचं. जो शॉट चुकलाय तो पानावरून आपणहून वर येतो. आठवडाभर स्कोपसमोर बसून हातून निसटलेले शॉट मला या पानाने दहा सेकंदांत दाखवलेत.

आता स्क्रीनकडे वळू.

भरवशाची स्क्रीन म्हणजे महागडी स्क्रीन असं नाही. पांढरा रंग ६५०० केल्विनच्या आसपास, गॅमा, म्हणजे आकड्यावरून उजेड किती ते ठरवणारा वक्र, २.२, उजेड साधारण १०० निट, मोड एसआरजीबी, आणि रात्रीचा पिवळा फिल्टर, आपोआप बदलणारा ब्राइटनेस वगैरे सगळं बंद. मोजणीचं यंत्र काचेवर ठेवून हे जमवता येतं. खोलीत मंद, रंगहीन उजेड असावा. एसआरजीबी हे १९९९ मध्ये मानक झालेलं रंगांचं एक ठरावीक आवार आहे. एचडी व्हिडिओचं रेक ७०९ हे मानक लाल, हिरवा आणि निळा नेमका कोणता याबाबतीत त्याच्याशी तंतोतंत जुळतं. बहुतेक फोन आणि लॅपटॉप, दुसरं काही सांगितलं नाही तर, याच आवाराची अपेक्षा धरतात. म्हणून फिल्म याच आवारात ठेवायची.

पण "दुसरं काही सांगितलं नाही तर" यातच मेख आहे. व्हिडिओ फाइलमध्ये लाल, हिरवा, निळा थेट साठवलेला नसतो. उजेड वेगळा आणि रंग वेगळा असं रूपांतर करून तो साठवतात, आणि प्लेअर उलटं रूपांतर करून दाखवतो. रूपांतराचं सूत्र कोणतं वापरलं, ते फाइलवर चिठ्ठी डकवल्यासारखं लिहून ठेवता येतं. चिठ्ठी नसेल तर प्लेअर अंदाज बांधतो आणि प्रत्येक प्लेअरचा अंदाज सारखा नसतो. ffmpeg या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या ffprobe ने चिठ्ठी वाचायची अशी:

```
ffprobe -v error -select_streams v:0 \
 -show_entries stream=color_range,color_space,color_transfer,color_primaries \
 film.mp4
```

उत्तरात color_range समोर tv आणि बाकी तिन्हींसमोर bt709 दिसलं की ठीक. unknown दिसलं तर काळजीचं. पीएनजी फ्रेमपासून व्हिडिओ करताना साधी कमांड दिली तर ffmpeg सहसा जुन्या एसडी काळातलं, म्हणजे ६०१ चं सूत्र वापरतो आणि चिठ्ठीही डकवत नाही. एचडी आकार बघून प्लेअर ७०९ गृहीत धरतो. आपला २१४, १६८, ६२ चा शर्ट मग २१९, १६६, ५७ होऊन दिसतो, थोडा केशरीकडे झुकलेला. सूत्र आणि चिठ्ठी दोन्ही आपणच सांगितलं की हा प्रश्न मिटतो:

```
ffmpeg -framerate 24 -i shot_%04d.png \
 -vf "scale=out_color_matrix=bt709:out_range=tv,format=yuv420p" \
 -c:v libx264 -crf 16 \
 -color_range tv -colorspace bt709 \
 -color_trc bt709 -color_primaries bt709 film.mp4
```

सूत्र चुकलंय की पट्टा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची आकड्यांची हद्द, चुकलाय हे ओळखायची खूण सोपी आहे. सूत्र चुकलं तर काळा, पांढरा आणि राखाडी जागेवरच राहतात, फक्त भडक रंग सरकतात. पट्टा चुकला तर काळापांढराच बिघडतो. व्हिडिओत सहसा काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर ठेवतात. प्लेअरला हे कळलं नाही आणि त्याने तोच आकडा जसाच्या तसा दाखवला तर काळा राखाडी होतो, चित्रावर दूध सांडल्यासारखं दिसतं. उलट चूक झाली, म्हणजे ० ते २५५ मध्ये साठवलेलं चित्र १६ ते २३५ चं समजून ताणलं गेलं, तर गडद रंग एकमेकांत बुडतात आणि पात्राचे केस आणि केसांवरच्या रेघा यांचा एकच गोळा होतो.

मॅकवरच्या काही प्लेअरमध्ये बिनचूक चिठ्ठी असलेली फाइलही किंचित फिकी दिसते, कारण ती यंत्रणा ७०९ चा वक्र जरा वेगळ्या तऱ्हेने वाचते. त्यावर उतारा म्हणून फिल्म मुद्दाम गडद करणारे लोक मी पाहिलेत. माझ्या मते तो शहाणपणा नाही. मॅकवर बरी झालेली फिल्म बाकी सगळीकडे काळोखी होते.

एवढं केल्यावर उरतात त्या स्क्रीनच्या स्वतःच्या खोडी, आणि त्यांच्यापुढे आपला इलाज नाही. नव्या फोनचे डिस्प्ले एसआरजीबीपेक्षा मोठं आवार दाखवू शकतात. फोन नीट वागला तर आपल्या फिल्मला तिच्या छोट्या आवारातच ठेवतो. पण कुणी डिस्प्ले "व्हिव्हिड" मोडवर ठेवला असेल तर सगळे रंग ताणले जातात आणि शर्ट उजेड फेकायला लागतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये उलट होतं. त्यांची बरीच पॅनेल एसआरजीबीचाही जेमतेम दोनतृतीयांश भाग दाखवतात, लाल विटकरी होतो, हिरवा मळकट.

दोन्ही टोकांना टिकून राहते ती एकच गोष्ट, गडद-उजळाचा फरक. म्हणून प्रत्येक सीनचा एक शॉट मी रंग काढून, नुसता काळापांढरा करून पाहतो. एका शॉटमध्ये लाल फ्रॉक घातलेली मुलगी हिरव्या झुडपासमोर उभी होती. माझ्या स्क्रीनवर चित्र खणखणीत, पण रंग काढताच मुलगी झुडपात गडप झाली, कारण दोघांचा उजेड सारखाच होता. मळकट लॅपटॉपवर नेमकं तेच झालं असतं. मी झुडूप एक पायरी गडद केलं, फ्रॉकला हातही लावला नाही.

रात्रीच्या सीनला हाच प्रश्न तळाशी येतो. समजा पात्राची बुबुळं १८ वर आणि भोवतालचा अंधार १० वर आहे. अंधाऱ्या खोलीत चांगल्या स्क्रीनवर बुबुळं दिसतात. बऱ्याच ओएलईडी फोनवर काळ्याजवळच्या पायऱ्या एकमेकींत बुडतात. साध्या एलसीडीवर काळाच राखाडी उजळलेला असतो, त्यात त्या हरवतात. आणि खिडकीशेजारी बसून बघणाऱ्याला तर काचेत स्वतःचा चेहरा दिसतो. गोष्ट कळायला जे दिसलंच पाहिजे ते मी ३० च्या खाली ठेवत नाही. १६ च्या खाली फक्त असा अंधार ठेवतो ज्यात काही दडलेलं नाही. हा माझा अंगवळणी पडलेला हिशोब आहे, मानक नव्हे.

शेवटची तपासणी दोन उपकरणांवर, तीन तऱ्हांनी: एक फोन जसा खोक्यातून निघाला तशा सेटिंगवर, तोच फोन निम्म्या ब्राइटनेसवर रात्रीचा फिल्टर लावून, आणि एक जुना लॅपटॉप. तिथे रंग बरोबर आहे का हे मी विचारतच नाही, तो नसणारच. मी बघतो, पात्र दिसतंय का, नजर जायची तिथे जातेय का, आणि कटला काही उडतंय का. एकाच तऱ्हेत खटकलं तर सोडून देतो. तिन्हींत खटकलं तर ती चूक माझी, मग भरवशाच्या स्क्रीनवर परत जाऊन तिथेच सुधारतो.

आणि तो लिंबू-केशरीचा वाद? हल्ली मी प्रत्येक फिल्मबरोबर दहा सेकंदांची एक वेगळी क्लिप पाठवतो. तिच्यात डावीकडे काळ्यापासून सुरू होणाऱ्या आठ पट्ट्या असतात: ०, ८, १६, २४ अशा ५६ पर्यंत. मध्ये निव्वळ राखाडी चौकोन आणि उजवीकडे पात्राच्या शर्टाचा, त्वचेचा, केसांचा रंग. कुणाची तक्रार आली की फिल्मला हात लावण्याआधी मी एवढंच विचारतो की पट्ट्या किती मोजता येतात आणि राखाडी राखाडीच दिसतोय का. त्या निर्मात्यांचं पुढचं काम आलं तेव्हा पुन्हा रात्रीच फोन आला, पुन्हा तोच शर्ट. मी म्हटलं, "क्लिप लावा आणि राखाडी चौकोनाशेजारी एक पांढरा कागद धरा."

थोडा वेळ शांतता. मग पलीकडून आवाज आला, "राखाडी कुठंय? हा तर चहासारखा दिसतोय." मग घरातल्या कुणाला तरी विचारलेलं ऐकू आलं, "अगं, हे रात्रीचं पिवळं तू लावून ठेवलंयस का लॅपटॉपला?"